छताच्या आत पीसीएमची पाकिटं : वरच्या मजल्याचा उकाडा खरंच कमी होतो का?

गच्चीकर
नाशिकला आमचं दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावरची बेडरूम १२ बाय १४ फुटांची, डोक्यावर थेट गच्ची. एप्रिल-मेमध्ये रात्री अकरा वाजतासुद्धा छतातून झळ येते. फॉल्स सीलिंग करायचंच होतं, तर कंत्राटदाराने नवीन टूम काढली आहे. जिप्समच्या बोर्डवर, म्हणजे बोर्ड आणि स्लॅब यांच्या मधल्या पोकळीत, पीसीएमची, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळताना-गोठताना उष्णता साठवणाऱ्या 'फेज चेंज मटेरियल'ची, चपटी पाकिटं अंथरायची. आत कसलंसं क्षार-पाणी आहे, २९ अंशांना वितळतं. दर चौरस मीटरला ५ किलो. दिवसा वितळून उष्णता पिऊन टाकतं, रात्री परत गोठतं, वीज लागत नाही, असं त्याचं म्हणणं. 'एक टनाचा एसी वाचला समजा' हे त्याचं वाक्य. भाव फॉल्स सीलिंगच्या दुपटीहून जास्त सांगतोय.
कुणी वापरलंय का? शाळेत अप्रकट उष्मा शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर पटतंय. पण खिशातून पैसे काढावेसे वाटत नाहीत.

सर्किट
संकल्पना शंभर टक्के खरी आहे राव. बर्फ वितळेपर्यंत ग्लासातलं पाणी शून्यालाच राहतं, तसं हे वितळेपर्यंत तुमचं छत २९ लाच राहणार. बाहेरची उष्णता आत येऊच शकत नाही. थर्माकोलपेक्षा भारी इन्सुलेशन आहे. बिनधास्त करा.

हेमांगी
सर्किट, पहिलं वाक्य बरोबर, पण 'उष्णता आत येऊच शकत नाही' आणि 'भारी इन्सुलेशन' ही दोन नाहीत. इन्सुलेशन उष्णतेची वाट अडवतं. पीसीएम काही अडवत नाही, आलेली उष्णता फक्त साठवतं. ती एक टाकी आहे. दिवसा भरते, आणि रात्री रिकामी झाली तरच दुसऱ्या दिवशी कामाला येते. विकणारे भरण्याबद्दल भरभरून बोलतात, रिकामं करण्याबद्दल कुणी बोलत नाही. गेली बरीच वर्षं इमारतींच्या उष्णतेची आकडेमोड हेच माझं काम आहे. पीसीएम फसलेल्या ज्या जागा पाहिल्या त्यांतल्या बहुतेक रात्रीच्या बाजूने फसल्या होत्या.

आधी टाकी केवढी ते बघू. या जातीच्या क्षारांचा अप्रकट उष्मा किलोला साधारण १८० किलोज्यूल धरू. चौरस मीटरला ५ किलो म्हणजे ९०० किलोज्यूल, म्हणजे २५० वॅट-तास. तुमचं छत साडेपंधरा चौरस मीटर. सगळं मिळून ३.९ युनिट उष्णता. एक टनाचा एसी तासाला ३.५ युनिट उष्णता खोलीबाहेर टाकतो. म्हणजे पूर्ण टाकी = एक टनाचा एसी एक तास सात मिनिटं. तीही दिवसातून एकदा, आणि आदल्या रात्री ती पूर्ण गोठली असेल तर. कंत्राटदाराने 'एक टन वाचला' म्हणताना तास सांगायचे ठेवले.

आता मला एक माहिती हवी. स्लॅबच्या खालच्या बाजूचं तापमान कधी मोजलंय का? कोविडच्या काळातली कपाळावर धरायची बंदूक नको, मिस्त्री-इलेक्ट्रिशियन वापरतात ती इन्फ्रारेड बंदूक. संध्याकाळी, झोपताना आणि पहाटे, असे तीन आकडे द्या.

कणकवली_काका
आमच्याकडे मंगलोरी कौलं आणि माळा. माळ्यावर पेंढा नि जुनी भांडी. उकाडा नाही. हे असलं काही लागत नाही. स्लॅब टाकलात तिथेच घोळ झाला.

कोल्डचेनवाला
इमारतीतलं मला कळत नाही, पण मी लशींच्या पेट्यांमध्ये अशीच पाकिटं रोज वापरतो, आमची ५ अंशांची असतात. एक अनुभव सांगतो. कागदावर ५ लिहिलेलं पाकीट ५ ला वितळतं हे खरं. गोठायला मात्र ते ५ ला तयार नसतं. फ्रीज ५ ला किंवा ४ ला लावून ठेवलात तर रात्रभर पाण्यासारखंच राहतं. आम्ही चांगलं खाली नेतो, मग ते गोठतं आणि एकदा सुरुवात झाली की पटकन गोठतं. आमच्याकडे फ्रीज आहे म्हणून चालतं. गच्चीकरांच्या छताला फ्रीज कुठला?

हेमांगी
कोल्डचेनवाले, 'इमारतीतलं कळत नाही' म्हणत तुम्ही नेमकं दुखणं सांगितलंत. क्षाराच्या पाण्यात स्फटिक धरायला काहीतरी कण लागतो. तो नसेल तर द्रव गोठणबिंदूच्या खूप खाली जाऊनही द्रवच राहतो. २९ अंशांवाला क्षार म्हणजे बहुतेक कॅल्शियम क्लोराईडचा हेक्झाहायड्रेट असणार. त्यात स्फटिक धरायला स्ट्रॉन्शियम क्लोराईड थोडं घालतात, त्याने वितळण्या-गोठण्याच्या तापमानातला फरक कमी होतो पण पुरता जात नाही. चांगलं पाकीटसुद्धा २९ ला वितळून २७ च्या आसपास गोठतं असं धरून चाला. मेणाच्या जातीचे पीसीएम या बाबतीत जास्त शहाणे असतात, पण ते जळतात, आणि घरात छतावर चौरस मीटरला पाच किलो मेण ठेवताना आगीचा विचार करावाच लागतो.

विक्रेत्याच्या पत्रकातला वितळण्याचा आलेख बहुधा काही मिलिग्रॅमच्या नमुन्यावर प्रयोगशाळेत काढलेला असतो. त्यात पाच किलोच्या थराचं वागणं दिसत नाही. पत्रकात गोठण्याचा वेगळा आलेख आहे का ते विचारा. नसेल तर तोच मुद्दा धरून बसा.

गच्चीकर
बंदूक शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून आणली. काल आकाश स्वच्छ होतं. संध्याकाळी ७ ला स्लॅबची खालची बाजू ३९. रात्री ११ ला ३६. पहाटे ६ ला ३१. खिडक्या रात्रभर उघड्या, पंखा चालू, पहाटे खोलीतली हवा २६ होती. बाहेर २३. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आहे, वर साधी लाल फरशी.
आणि पत्रकात गोठण्याचा आलेख नाही. विचारल्यावर 'तेच तापमान सर' असं उत्तर आलं.

हेमांगी
मग तुमच्याच आकड्यांनी निकाल लागला. पाकिटं पोकळीत आहेत. त्यांच्या वर स्लॅब, खाली जिप्समचा बोर्ड, मग खोली. रात्री ११ ला पाकिटं २९ ला आहेत आणि वरचा स्लॅब ३६ ला. म्हणजे तुम्ही झोपायला जाता तेव्हाही स्लॅब पाकिटांत उष्णता ओततोय. पोकळीतून साधारण दर अंशाला दर चौरस मीटरला ६ वॅट धरले तर ७ अंशांच्या फरकाने ४० वॅटच्या वर. खालच्या बाजूने बोर्डमधून खोलीत जायची वाट याहून अरुंद आहे, अंशाला ४ वॅट म्हणू. खोली समजा २८ ला असली तर एका अंशाचे ४ वॅट बाहेर. रात्री अकराला टाकीत ४० येतात आणि ४ जातात.

पहाटे सहाला काय? स्लॅब ३१, खोली २६. मधलं पाकीट या दोघांच्या ओढाताणीत कुठेतरी २९ च्या आसपास राहील. गोठायला लागतात २७. म्हणजे तुमच्या वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात ही पाकिटं एकदाही गोठणार नाहीत. पहिल्या दिवशी वितळतील, आणि जूनपर्यंत तुमच्या फॉल्स सीलिंगवर क्षाराचं पाणी पडून राहील. फेब्रुवारी-मार्चमध्ये छान काम करतील, तेव्हा तुम्हाला गरज नसते.

समजा स्लॅबकडून काहीच उष्णता येत नाही असं मानलं, तरी २७ ला गोठणारं पाकीट २५ च्या हवेत बोर्डमधून रिकामं करायचं तर दोन अंशांवर ८ वॅट मिळतात. २५० भागिले ८. एकतीस तास. रात्र तेवढी लांब नसते.

सर्किट
बरं, इन्सुलेशन शब्द मागे घेतो. पण मग ३२-३३ अंशांचं पीसीएम टाका ना! ते पहाटे गोठेल, स्लॅब ३१ ला येतोच आहे. दिवसा छत ३९ ऐवजी ३२ ला थांबेल. ७ अंशांचा फरक पंख्याखाली झोपणाऱ्याला खूप जाणवतो.

हेमांगी
हा प्रश्न चांगला आहे आणि मी तो झटकणार नाही. छताचा पृष्ठभाग थंड असला की हवा तेवढीच असूनही बरं वाटतं. पण ३२ चं पाकीट ३० ला गोठेल, आणि पहाटे एक-दोन तासच स्लॅब ३१ पर्यंत उतरतोय. थोडं गोठेल, पूर्ण नाही. दुसरं म्हणजे ३९ च्या स्लॅबखाली साधा जिप्सम बोर्ड आणि पोकळी टाकली तरी बोर्डची खोलीकडची बाजू ३९ ला राहणार नाही, काही अंश आपोआप उतरेल. तुलना उघड्या स्लॅबशी करू नका, रिकाम्या फॉल्स सीलिंगशी करा. तो फरक ७ चा नसेल. किती असेल ते मोजल्याशिवाय मी सांगणार नाही.

श्वाबिश_सून
मी स्टुटगार्टजवळ राहते, घर पोटमाळ्यावर. उतरतं लाकडी छप्पर, आतून जिप्सम बोर्ड, काँक्रीट नावालाही नाही. घरमालकाने नूतनीकरण करताना उतरत्या बाजूंना पीसीएम मिसळलेले बोर्ड लावले, २६ अंशांचे. मे-जूनमध्ये फरक कळतो. शेजारच्या तशाच घरात दुपारी तीनला भट्टी होते, आमच्याकडे साडेपाच-सहापर्यंत बरं असतं. पण उष्णतेची लाट आली की दोन दिवस टिकतं, तिसऱ्या दिवशी शेजारी आणि आम्ही सारखेच. रात्री बाहेर २१ असतं, खिडक्या तिरप्या उघड्या ठेवतो. तरी असं का? बोर्ड खराब झाले असतील का?

हेमांगी
बोर्डवर संशय घेऊ नका. या बोर्डात मेणाचे अगदी सूक्ष्म, प्लॅस्टिकच्या कवचातले कण जिप्सममध्ये मिसळलेले असतात. बीएएसएफचं मायक्रोनल हे त्यातलं जुनं नाव, २१, २३ आणि २६ अंशांत मिळायचं. कवचामुळे गळत नाही आणि कण लहान असल्याने पूर्ण गोठतात. तुमचं घर हेच त्याचं खरं माहेर आहे. हलकं लाकडी बांधकाम, ज्यात उष्णता साठवायला दुसरं काहीच नाही, आणि रात्री बाहेर २१.

अडचण तिरप्या खिडकीची आहे. चौरस मीटरला ३ किलो कण, किलोला ११० किलोज्यूल, म्हणजे ९० वॅट-तासांच्या आसपास. छप्पर ३० चौरस मीटर असेल तर २.७ युनिट उष्णता रात्रीत बाहेर काढायची. आत येणारी हवा बोर्डला लागून ४ अंशांनी तापून बाहेर गेली, असं अगदी उदारपणे धरलं, तरी दोन हजार घनमीटर हवा लागते. आठ तासांत तासाला २५० घनमीटर. प्रत्यक्षात हवा एवढी तापत नाही, म्हणून दुप्पट लागेल. एका बाजूची तिरपी खिडकी एवढी हवा देत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या पूर्ण उघडा, किंवा जिन्याच्या बाजूने वर ओढणारा पंखा लावा, आणि बोर्डाला लागून हवा जाईल असं बघा. लाटेत रात्रीही २३-२४ च्या खाली उतरलं नाही तर मात्र इलाज नाही.

श्वाबिश_सून
समोरची खिडकी रस्त्याकडे आहे. रात्रभर पूर्ण उघडी ठेवली की ट्राम झोपू देत नाही. म्हणजे ट्राम की उकाडा, असा प्रश्न आहे तर.

जुनापुराणा
हे सगळं नवीन तंत्रज्ञान म्हणून विकतात याची गंमत वाटते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावात १९४८ मध्येच हे करून झालंय. मारिया टेल्केस ही हंगेरीत जन्मलेली शास्त्रज्ञ, एलेनॉर रेमंड ही वास्तुरचनाकार आणि पैसा अमेलिया पीबॉडीचा. तिघी बायका. उन्हात तापलेली हवा ग्लॉबर मिठाच्या डब्यांवरून फिरवायची, ३२ अंशांना मीठ वितळायचं आणि रात्री गोठताना घर गरम करायचं. हिवाळ्यासाठी होतं ते. सुरुवातीचे हिवाळे बरे गेले, मग मीठ बिघडलं. डबे गंजून गळायला लागले, शेवटी नेहमीची शेगडी बसवली.

हेमांगी
आणि मीठ का बिघडलं ते या धाग्याला लागू आहे. ग्लॉबर मीठ वितळताना सगळंच पाण्यात विरघळत नाही. काही भाग कोरड्या क्षाराच्या रूपात तळाला बसतो. गोठताना तो वरच्या पाण्याला परत भेटत नाही. दर फेरीत थोडा थोडा गाळ वाढतो आणि साठवण घटते. आता घट्ट करणारे पदार्थ घालतात, पाकिटं पातळ करतात, त्याने खूप सुधारलं आहे. म्हणून विक्रेत्याला 'किती फेऱ्यांनंतर किती साठवण उरते' हे विचारावं. घरात एका उन्हाळ्यात शंभरएक फेऱ्या होतात, त्यामुळे दोनशे फेऱ्यांच्या चाचणीचं प्रमाणपत्र म्हणजे दोन उन्हाळे.
पाकिटाच्या सांध्यातून वर्षानुवर्षं पाणी उडत राहतं, हेही आहे. पाणी कमी झालं की वितळण्याचं तापमानच बदलतं. शिवाय फॉल्स सीलिंगचे दिवे बसवताना इलेक्ट्रिशियनचा ड्रिल एकदा पाकिटात गेला की कॅल्शियम क्लोराईड लोखंडी चॅनेलवर टपकतं. ते चॅनेल किती टिकेल ते सांगायला नको.

गच्चीकर
मग मी करू काय? फॉल्स सीलिंगसुद्धा रद्द?

हेमांगी
तुमच्या जागी मी असते तर पैसे गच्चीवर टाकले असते. कोब्यावर एक्सपीएस किंवा पफ या इन्सुलेशनच्या फोमचा ५० मिलिमीटर थर, त्यावर संरक्षक थर, त्यावर पांढरी चायना मोझॅक. आधी वॉटरप्रूफिंग तपासून घ्या. म्हणजे उन्हाची उष्णता स्लॅबपर्यंत फार थोडी पोचेल.
मग खालचा स्लॅब हाच तुमचा साठा होतो. सव्वाशे मिलिमीटर काँक्रीट चौरस मीटरला दर अंशाला २६० किलोज्यूल साठवतं. साडेतीन अंश वर-खाली झालं की ते कंत्राटदाराच्या पाच किलो पाकिटांएवढं झालं, आणि ते तुम्ही घर बांधतानाच विकत घेतलंय. त्याला गोठण्याची अट नाही, गाळ बसत नाही. रात्री खिडक्या उघड्या आणि पंखा चालू ठेवलात की स्लॅब खोलीच्या हवेने थंड होतो.
आणि म्हणूनच फॉल्स सीलिंग पूर्ण खोलीभर नको. त्याने हा साठा खोलीपासून तोडला जातो. दिव्यांसाठी कडेने पट्टी करा, मधलं छत उघडं ठेवा.

मधुरा_के
मुंबईत, ठाण्यात याचा काही उपयोग? आमच्याकडे मेमध्ये दिवसा ३३, रात्री २७. फरकच नाही.

हेमांगी
तुम्हीच उत्तर दिलंत. ६ अंशांच्या फरकात, घामट हवेत, रात्री रिकामं करायला काही उरत नाही. नागपूरला फरक मोठा आहे पण मेमध्ये रात्रच २८ च्या आसपास असते, तिथेही २६-२७ चं पाकीट वितळून बसतं. नाशिक-पुण्याच्या रात्री त्या मानाने बऱ्या.

पत्र्याची_शाळा
मग माझं ऐका. छत्रपती संभाजीनगरला माझे क्लासेस आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये. स्लॅब नाही, साठा नाही. पत्र्याखाली ५० मिलिमीटर ग्लासवूल आधीच आहे. सकाळी ८ ते दुपारी १ मुलं असतात, रात्री कुणी नसतं. रात्रभर एक्झॉस्ट चालवायला माझी ना नाही. माझ्यासाठी जमतंय का?

हेमांगी
या धाग्यावरची ही पहिली जागा जिथे मी लगेच 'नको' म्हणणार नाही. हलकं बांधकाम, इन्सुलेशन आहे, रात्री पंखा जोरात चालवता येतो, आणि साठा फक्त पाच तास पुरायला हवा. पण मुलं किती? एक मुलगा बसून साधारण ७०-८० वॅट उष्णता देतो, चाळीस मुलं म्हणजे ३ किलोवॅट. पाच तासांचे १५ युनिट फक्त मुलांचे. त्यासाठी पाकिटं ३०० किलोच्या घरात जातात, आणि ती छतात लपवून नव्हे, हवा दोन्ही बाजूंनी फिरेल अशी टांगावी लागतील.

पत्र्याची_शाळा
चाळीस नाही, साठ बसतात.

सर्किट
मग ४५० किलो. त्यापेक्षा भिंतीला काँक्रीटचे ठोकळे रचा आणि रात्री पंखा मारा, ताईंच्याच हिशेबाने.

हेमांगी
ठोकळ्यांचं वजन त्याच्या कितीतरी पट होईल, जमिनीवर रचायची जागा असेल तर गणित करून बघता येईल. पीसीएमचा फायदा इथेच आहे, थोड्या वजनात मावतं. स्वस्त काय पडेल ते दोन्हींचे भाव घेतल्यावर कळेल.
आधी एक करा. पाच-सहा पाकिटं नमुना म्हणून विकत घ्या, दोन पाकिटांच्या मध्ये तापमापकाचा वायर चिकटवून शेडमध्ये टांगा, आणि मेमधले आठ दिवस दर दहा मिनिटांनी नोंद करणारा लॉगर लावा. सकाळी तापमानाची रेघ २९ ला आडवी चालली पाहिजे आणि रात्री २७-२८ ला परत एकदा आडवी. रात्रीची आडवी रेघ दिसलीच नाही, नुसतीच उतरत पहाटेपर्यंत गेली, तर ते गोठलं नाही. पहाटे पाकीट हातात घेऊन वाकवून बघा, कळतंच.

कोल्डचेनवाला
लॉगर आमच्याकडे पडून आहेत, एक पाठवतो. परत द्या फक्त.